फळी नेमकी कुठे उलटते? दोन घोड्या, एक फळी आणि चालणारा माणूस

प्रश्न: सर, मी नाशिकला सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत काकांबरोबर प्लास्टरच्या कामावर जातो. सध्या पंचवटीत एका जुन्या घरात काम चालू आहे. ४ मीटरची लाकडी फळी आहे, वजन केलं तर २४ किलो भरलं. ती दोन घोड्यांवर, म्हणजे चार पायांच्या आधारांवर, टाकली आहे. डावी घोडी फळीच्या टोकापासून ४० सेंटीमीटर आत आहे. उजवीकडे जिना सुरू होतो, म्हणून उजवी घोडी १ मीटर २० सेंटीमीटर आत घ्यावी लागली. माझं वजन ६० किलो. काका सारखे ओरडतात, जिन्याच्या बाजूला घोडीच्या पुढे पाय टाकू नको. पुस्तकात एका जागी ठेवलेल्या वजनाची गणितं आहेत. माणूस चालत असेल तर दोन्हीकडच्या प्रतिक्रिया कशा बदलतात, आणि फळी नेमकी कधी उलटते?

उत्तर:

उजव्या घोडीच्या पुढे ३२ सेंटीमीटर गेलास की तुझी फळी उलटते. तिथून फळीचं टोक अजून ८८ सेंटीमीटर लांब असतं. म्हणजे डोळ्यांना जी उभं राहायची जागा दिसते, तिचा जवळजवळ पाऊण भाग उभं राहण्याजोगा नाही. काका ओरडतात ते अगदी योग्य आहे. आता हा ३२ चा आकडा कुठून येतो ते पाहू, कारण तो एकदा नीट कळला की कुठल्याही फळीसाठी तुला उभ्या उभ्या काढता येईल.

प्रतिक्रिया म्हणजे घोडी फळीला खालून किती जोराने उचलून धरते ते. मी इथे सगळं किलोमध्ये लिहितो, कारण साईटवर तसंच बोललं जातं. परीक्षेत न्यूटन मागितले तर प्रत्येक आकड्याला ९.८१ ने गुण, बाकी काही बदलत नाही. फळीवर दोन वजनं आहेत. फळीचं स्वतःचं २४ किलो तिच्या मध्यावर, म्हणजे कुठल्याही टोकापासून २ मीटरवर धरायचं. आणि तुझं ६० किलो, तू जिथे उभा आहेस तिथे. दोन घोड्यांमधलं अंतर ४ मधून ०.४ आणि १.२ वजा करून २.४ मीटर. फळीचा मध्य डाव्या घोडीपासून १.६ मीटरवर आणि उजव्या घोडीपासून ०.८ मीटरवर पडतो. फळी टोकाटोकाला सारखी नाही बसलेली, उजवीकडे सरकलेली आहे, आणि सगळी गडबड त्या ०.८ मध्ये आहे.

डाव्या घोडीपासून तू जितके मीटर उजवीकडे आहेस त्याला ‘अ’ म्हणू. उजव्या घोडीभोवती मोमेंट, म्हणजे वजन गुणिले घोडीपासूनचं अंतर, घेतलास तर डावीची प्रतिक्रिया निघते, डावीभोवती घेतलास तर उजवीची:

```
डावी  = (२४ × ०.८ + ६० × (२.४ − अ)) ÷ २.४ = ६८ − २५ × अ
उजवी = (२४ × १.६ + ६० × अ) ÷ २.४ = १६ + २५ × अ
```

या दोन ओळींत सगळं उत्तर आहे. तू बरोबर डाव्या घोडीवर उभा असशील तर डावी ६८ किलो उचलते आणि उजवी १६. दोन्ही घोड्यांच्या मधोमध आलास की डावी ३८, उजवी ४६. उजव्या घोडीच्या अगदी डोक्यावर आलास की डावीकडे फक्त ८ किलो उरतात आणि उजवी ७६ घेते. बेरीज कायम ८४ राहते, तुझं आणि फळीचं मिळून. प्रत्येक मीटरला २५ किलो एका घोडीवरून दुसऱ्या घोडीवर जातात, एका चालीने. हा २५ म्हणजे तुझं वजन भागिले घोड्यांमधलं अंतर. फळीच्या वजनाचा या उताराशी संबंध नाही, ती फक्त सुरुवातीचे आकडे ठरवते.

मुलं इथे एक गोष्ट चटकन पाहत नाहीत. प्रतिक्रिया सरळ रेषेत बदलतात आणि ती रेषा उजव्या घोडीवर येऊन थांबत नाही. घोडी ओलांडताना काहीच विशेष घडत नाही. डावी प्रतिक्रिया त्याच २५ च्या चालीने कमी होत राहते, ८ वरून ७, ६, ५. फळी जागची हलत नाही, आवाज येत नाही, पायाला काही वेगळं जाणवत नाही. डावी घोडी ३८ किलो उचलत असो की १ किलो, फळी दोन्ही वेळा तितकीच घट्ट बसल्यासारखी वाटते. मग डावी शून्यावर येते: ६८ − २५ × अ = ०, म्हणून अ = २.७२. उजवी घोडी २.४ वर आहे, म्हणजे तिच्या पुढे ०.३२ मीटर. त्या क्षणी सगळे ८४ किलो एकट्या उजव्या घोडीवर असतात आणि डावी घोडी नुसती फळीला टेकलेली असते. त्यापुढे एक बोट जरी सरकलास तरी फळीला थांबवणारं डावीकडे काही नसतं.

आता यात तुझी चाल धर. माणूस सेंटीमीटर सेंटीमीटरने सरकत नाही, तो पाऊल टाकतो, आणि साधं पाऊल ६० सेंटीमीटरचं असतं. समज, तुझा डावा पाय उजव्या घोडीवर आहे आणि उजवा पाय ६० सेंटीमीटर पुढे टेकवलास. वजन दोन्ही पायांवर अर्धं अर्धं असेल तर फळीच्या हिशेबाने तू दोन्हींच्या मध्ये, घोडीच्या ३० सेंटीमीटर पुढे आहेस. डावी प्रतिक्रिया काढून बघ: ६८ − २५ × २.७ = ०.५. अर्धा किलो! फळी अजून बसलेली आहे. तुला वाटतं, पाय टेकला, फळी हलली नाही, ठीक आहे. आणि तू मागचा पाय उचलतोस. त्याच क्षणी सगळे ६० किलो पुढच्या पायावर, घोडीच्या ६० सेंटीमीटर पुढे जातात आणि फळी उलटते. पडलेली माणसं सांगतात की ‘फळी एकदम उलटली, आधी काहीच कळलं नाही’, त्यामागे हे आहे. पाय टेकवून फळी चाचपून पाहणं ही खात्री नव्हेच. चाचपताना मागचा पाय तोल धरत असतो.

चालताना पाय फळीवर नुसता वजनाइतका दाब देत नाही हेही लक्षात घे. टाच टेकताना आणि पुढे रेटताना तो दाब वजनापेक्षा दहा-वीस टक्के जास्त होतो. ६० च्या जागी क्षणभर ७२ धर, तर ३२ चे २७ सेंटीमीटरच उरतात. उडी मारली किंवा वरून फळीवर उतरलास तर त्याहून बरंच कमी. दुसरी गोष्ट छताच्या प्लास्टरची. थापीने किंवा रंध्याने छतावर १० किलोचा जोर लावलास तर छतही तुला तितकंच खाली दाबतं, आणि फळीसाठी तुझं वजन ७० होतं. हे वजन तराजूवर दिसत नाही म्हणून कुणी हिशेबात धरत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मिस्त्री आणि इंजिनिअर दोघंही चुकताना मी पाहिलेत, त्याकडे येतो. उजवीकडे धोका वाटला की लोक काय करतात? डावी घोडी अजून बाहेर, टोकाकडे ओढतात. म्हणतात, पाया रुंद झाला, आता फळी पक्की. उजवीकडे उलटण्याच्या बाबतीत याने काडीचाही फरक पडत नाही. उलटायच्या क्षणी डावी प्रतिक्रिया शून्य असते. जी घोडी काही उचलतच नाही, ती कुठे उभी आहे याला काय अर्थ? उजव्या घोडीभोवती दोनच वजनं झुंजत असतात, आत फळीचं आणि बाहेर तुझं. म्हणून नियम एवढाच:

```
घोडीच्या पुढचं अंतर = फळीचं वजन × (फळीचा मध्य ते घोडी) ÷ माणसाचं वजन
                  = २४ × ०.८ ÷ ६० = ०.३२ मीटर
```

दोन घोड्यांमधलं २.४ यात कुठेच नाही. डावी घोडी डाव्या टोकाशी नेलीस तरी ३२, मध्याच्या जवळ आणलीस तरी ३२. मात्र उजवी घोडी २० सेंटीमीटर बाहेर सरकवलीस तर दोन गोष्टी एकदम सुधारतात. मध्य ते घोडी अंतर १ मीटर होतं, म्हणून ३२ चे ४० होतात, आणि बाहेर लोंबणारी फळी १.२ ची १ मीटर होते. जी बाजू उलटायची भीती आहे, त्याच बाजूची घोडी हलवायची असते.

याच नियमाने डावीकडचं टोकही पाहू. तिथे फळी फक्त ४० सेंटीमीटर बाहेर आहे आणि मध्य डाव्या घोडीपासून १.६ मीटर आत. २४ × १.६ ÷ ६० = ०.६४. उलटायला तुला घोडीच्या पुढे ६४ सेंटीमीटर जावं लागेल, पण फळी ४० वरच संपते. अगदी टोकावर उभा राहिलास तरी उजवी घोडी ६ किलो उचलत असते. म्हणजे एकच फळी एका टोकाला सुरक्षित आणि दुसऱ्या टोकाला घातक. सकाळभर डाव्या टोकाला बिनधास्त काम केलेला माणूस दुपारी त्याच भरवशावर उजव्या टोकाला जातो, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. आणि डावीकडचे ते ६ किलोही एका माणसापुरतेच आहेत. तू आणि काका दोघं एकदम त्या टोकाला गेलात, म्हणजे १२० किलोच्या आसपास, तर १२० × ०.४ = ४८ विरुद्ध २४ × १.६ = ३८.४. फळी तिथेही उलटेल.

घमेल्याचं गणित वेगळं करून बघायलाच हवं. मालाने भरलेलं घमेलं २० किलो धरू. ते हातात घेऊन चाललास तर तू ८० किलोचा माणूस झालास, आणि १९.२ ÷ ८० म्हणजे २४ सेंटीमीटरवर फळी उलटेल. पण खरा सापळा घमेलं खाली ठेवण्यात आहे. पायात येऊ नये म्हणून ते फळीच्या उजव्या टोकाशी सरकवून ठेवतात. समज, ते घोडीच्या १ मीटर १० सेंटीमीटर पुढे आहे. त्याची मोमेंट २० × १.१ = २२, आणि फळीची तोल धरणारी मोमेंट १९.२. म्हणजे फळीवर कुणीही नसेल तर नुसत्या घमेल्यानेच फळी उलटते! ती उलटत नाही, कारण तू आतल्या बाजूला उभा राहून तिला दाबून धरलेलं असतंस. तुला भरून काढायची तूट २.८ ची आहे, आणि २.८ ÷ ६० म्हणजे जवळपास ५ सेंटीमीटर. तू उजव्या घोडीच्या ५ सेंटीमीटर आत आलास की फळी उलटायला लागते. घोडी ओलांडायच्या आधीच. काकांचा ‘घोडीच्या पुढे जाऊ नको’ हा नियम पाळूनही तू पडशील. आणि तू डाव्या बाजूने खाली उतरलास, तर पाय सुटताक्षणी फळी, घमेलं आणि माल जिन्यावर कोसळेल. खाली कोण उभं आहे याचा विचार कर. माल ठेवायचा तो दोन घोड्यांच्या मध्ये, बाहेर लोंबणाऱ्या भागावर काहीही ठेवायचं नाही. हा नियम मी माझ्या साईटवर माणसाच्या नियमाइतकाच कडक पाळायला लावतो.

फळीच्या वजनाकडे पुन्हा एकदा बघ. तुला वाचवणारं तेच एक आहे. तितक्याच लांबीची हलकी अॅल्युमिनियमची फळी आणलीत, समज १२ किलोची, आणि घोड्या आहेत तिथेच ठेवल्यात, तर ३२ चे १६ सेंटीमीटर होतात. माणसाच्या पायाचा तळवाच २५ सेंटीमीटरचा असतो. उचलायला सोपी म्हणून हलकी फळी घेतली की घोड्या नव्याने मोजून मांडाव्या लागतात, जुन्या खुणांवर ठेवून चालत नाही. पावसात भिजलेली फळी जड होते आणि उलटायला थोडी उशीर करते, पण त्यावर विसंबू नये, कारण ओलं लाकूड कमजोरही असतं आणि निसरडंही.

आता परीक्षेत गोंधळ उडवणारी गोष्ट. घोडीच्या ६० सेंटीमीटर पुढे, म्हणजे अ = ३, घातलंस तर डावी येते ६८ − ७५ = उणे ७. उत्तरपत्रिकेत मुलं उणे ७ लिहून पुढे जातात. उणेचा अर्थ असा की तोल राहण्यासाठी डाव्या घोडीने फळीला ७ किलोने खाली ओढलं पाहिजे. घोडी फक्त खालून उचलू शकते, वरून ओढू शकत नाही. म्हणून उणे उत्तर आलं की ‘फळी आधीच उलटली आहे’ असं लिहायचं. पण फळी डाव्या घोडीला दोरीने बांधली असेल तर हाच उणे आकडा दोरीतला ताण सांगतो. तू उजव्या टोकावर, अ = ३.६ ला उभा राहिलास तर उणे २२. दोरीला २२ किलो धरावे लागतील, आणि गंमत म्हणजे उजवी प्रतिक्रिया १०६ होते, तुझ्या आणि फळीच्या एकूण वजनाहून जास्त. उजवी घोडी फळीला दोरीच्या ओढीसकट उचलत असते, म्हणून.

दोरी २२ किलो सहज धरेल. घोडीचं काय? डावी घोडी स्वतः १२-१५ किलोची असते. २२ किलोने वर ओढली गेली तर ती फळीसकट उचलली जाईल आणि बांधणं वाया जाईल. घमेलं घेऊन टोकावर गेलास तर ओढ ३२ किलोवर जाते. फळी बांधायची असेल तर भिंतीत पक्क्या बसवलेल्या हुकाला किंवा खांबाला बांधायला हवी. निव्वळ घोडीला बांधण्याचा उपयोग फळी सरकू न देण्यापुरता आहे, उलटू न देण्यासाठी नाही.

दुसरा उपाय लोक करतात तो डाव्या टोकावर सिमेंटची गोणी ठेवायचा. गणिताने तो झकास आहे. ५० किलोची गोणी डाव्या घोडीवर, उजवीपासून २.४ मीटरवर, म्हणजे १२० ची मोमेंट. टोकावर घमेलं घेऊन उभा असलेला माणूसही ९६ च करतो. पण मी हा उपाय साईटवर चालू देत नाही. प्लास्टरच्या कामात सिमेंटची गोणी ही वापरायची वस्तू आहे. एका वाड्याच्या दुरुस्तीवर मी समोर उभा असताना एका बिगाऱ्याने माल कालवायला म्हणून अशीच गोणी फळीवरून उचलली. वर मिस्त्री उजव्या टोकाकडे वळलेला होता. गोणी खांद्यावर घेतल्यावर फळीचं डावं टोक घोडीवरून बोटभर उचललं गेलेलं मला दिसलं आणि मी मिस्त्रीला आत ओढलं. बिगाऱ्याची यात काही चूक नव्हती. त्याच्यासाठी ती नुसती गोणी होती, ती तोल धरून आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं तुला हातांनी तपासून बघायचं असेल तर वर चढून नको, जमिनीवर कर. अंगणात दोन्ही घोड्यांच्या जागी एकेक वीट आडवी ठेव, तिच्यावर लोखंडी पाइपचा तुकडा, आणि त्यावर फळी, तुझ्याच मापांनी. फळी जमिनीपासून दहा-बारा सेंटीमीटरच वर राहील. डाव्या पाइपवर फळीखाली कागदाची एक पट्टी सरकवून मित्राला ती हलकेच ओढत राहायला सांग. तू मध्यावर असताना पट्टी फाटेल पण निघणार नाही. उजव्या पाइपकडे चालत गेलास की ती सैल होत जाते, आणि पाइपच्या पुढे पाय घासत सरकलास की तिशी ओलांडल्यावर कुठेतरी ती अलगद निघून येते. तिथे खडूने खूण कर आणि टेपने मोज. जी गोष्ट फळीवर उभ्या माणसाच्या पायाला कळत नाही, ती मित्राच्या बोटांना कळते. दोन वजनकाटे मिळाले तर विटांऐवजी ते ठेव आणि प्रतिक्रिया प्रत्यक्ष वाच, पण काट्याचे असलेले घे. घरचे डिजिटल काटे एक आकडा धरून थांबतात, चालत्या माणसाला त्यांचा उपयोग होत नाही.

खऱ्या घोडीवर हे मोजमाप ३२ पेक्षा सहा-सात सेंटीमीटर जास्त आलं, तर गणित चुकलं असं समजू नकोस. खऱ्या घोडीचा माथा आठ-दहा सेंटीमीटर रुंद असतो आणि फळी उलटते ती त्याच्या बाहेरच्या कडेवरून, मधून नव्हे. गोल पाइपवर हा फरक जवळजवळ राहत नाही. हे जास्तीचे सेंटीमीटर आपल्या बाजूचे आहेत, पण ते हिशेबात धरून पाय पुढे टाकू नये.

मग फळी किती बाहेर ठेवावी? टोकावर उभं राहूनही उलटू नये, अशी जास्तीत जास्त लांबी काढता येते. बाहेरचा भाग ‘ब’ धरला तर मध्य ते घोडी २ − ब होतं, म्हणून ६० × ब = २४ × (२ − ब), आणि ब येतो ५७ सेंटीमीटर. घमेल्यासकट ८० किलो धरलेस तर ४६ सेंटीमीटर. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या परांचीच्या नियमात १० फुटांपेक्षा लांब फळी आधाराच्या बाहेर १८ इंच, आणि १० फूट किंवा त्याहून आखूड असेल तर १२ इंचांपेक्षा जास्त नको, असं आहे. ते टोक मुद्दाम भार घेण्यासाठी केलेलं असेल किंवा माणूस तिथे जाऊच नये म्हणून कठडा लावला असेल, तरच जास्त चालतं. १८ इंच म्हणजे ४६ सेंटीमीटर. तुझ्या फळीला आकडा नेमका जुळला हा योगायोग आहे, आणि ४६ वर फळी काठावर असते, तिथे जादा सुरक्षितता काही नाही. मी स्वतः २० सेंटीमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. अगदी कमीही नको, १५ च्या खाली गेलं तर फळी सरकून घोडीवरून सुटायची भीती.

यावर तू म्हणशील, मग मिस्त्री लोक घोड्या इतक्या आत घेतातच का? त्यालाही कारण आहे. घोड्या २० सेंटीमीटरवर नेल्या तर मधलं अंतर ३.६ मीटर होतं, आणि अंतर दीडपट झालं की फळीचा मधला झोल त्याच्या घनाने, म्हणजे ३.४ पट वाढतो. तुझी फळी २५ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर जाड असेल, तर तुझ्या वजनाने २.४ मीटरवर ती साधारण सव्वा सेंटीमीटर वाकते, ३.६ वर चार सेंटीमीटरच्या पुढे. पायाखाली फळी लवलवते, माणूस घाबरतो, आणि घोड्या आत ओढतो. त्याची भीती खोटी नाही, जास्त अंतरावर लाकडावरचा ताणही वाढतो. फक्त फळी मोडण्याची भीती दिसते आणि उलटण्याची दिसत नाही, म्हणून तो एक धोका टाळताना दुसऱ्यात जातो. ४ मीटरच्या फळीला खरं उत्तर तिसरी घोडी हेच आहे, मध्ये एक. टोकाच्या दोन्ही घोड्या २० सेंटीमीटरवर ठेव, मग फळी वाकतही नाही आणि उलटतही नाही. तीन आधार आले की तुझी दोन समीकरणं पुरत नाहीत, ते पुढे शिकशील. मधली घोडी बोटभर उंच राहिली तर फळी तिच्यावर डुलेल, पण टोकाच्या घोड्या तिला उलटू देणार नाहीत.

तुझ्या जागेत जिना आडवा येतो, त्यामुळे उजवी घोडी बाहेर नेता येत नाही. फळी डावीकडे सरकवून उजवं टोक आखूड केलंस तर डावं टोक तितकंच लांब होईल, दुखणं फक्त बाजू बदलेल. दोन घोड्या २.४ वरच राहणार असतील तर फळी २.८ मीटरची घ्या, दोन्हीकडे २० सेंटीमीटर. त्याच जाडीच्या फळीचं वजन १६.८ किलो भरेल. ८० किलो टोकावर आले तर बाहेरची मोमेंट १६ आणि आतली २०.१६, फळी बसून राहते. ३ मीटरची घ्यायचा मोह होईल, दोन्हीकडे ३० सेंटीमीटर. ती १८ किलोची, आतली मोमेंट २१.६, आणि घमेल्यासकट माणसाची २४. उलटेल. दोन्हीकडे दहा-दहा सेंटीमीटरच वाढले आणि फळी उलटायला तेवढे पुरले. जिन्यावरच्या भिंतीसाठी पाय कमी-जास्त करता येणारी घोडी भाड्याने आणा, तिचे दोन पाय पायरीवर आणि दोन जमिनीवर पक्के बसतात. साध्या घोडीच्या पायाखाली विटा रचून उंची जुळवू नका. उलटायच्या वेळी सगळं वजन त्या एकाच घोडीवर येतं हे तू वर पाहिलंसच. काकांना हा हिशेब कागदावर मांडून दाखव, आणि उद्या कामाला चढण्याआधी उजव्या घोडीच्या माथ्यावर फळीवर आडवी लाल पट्टी मार, म्हणजे वर बघत काम करणाऱ्यालाही पायाशी हद्द दिसेल.